इंडक्शनवर पाणी झटकन उकळतं, मग कांदा का करपतो?

नवीन इंडक्शन घेतलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते, की पाणी एकदम फास्ट उकळतं पण बाकी सगळं करपतं. तेल टाकलं, कांदा घ्यायला मागे वळलं तेवढ्यात धूर, आणि कांदा टाकला तर मधला गोल काळा आणि कडेचा अजून कच्चाच. मग लोक म्हणतात याच्यावर स्वयंपाकच होत नाही, फक्त चहाचं पाणी ठेवायला बरं आहे. खरं तर मशीन बिघडलेलं नसतं आणि तुम्हाला स्वयंपाक येत नाही असंही नसतं, गॅसवर हाताला जी सवय लागलेली असते ती इथे जशीच्या तशी चालत नाही एवढंच. ती का चालत नाही हे एकदा कळलं की भांडी कुठली आणि किती वॅटवर ठेवायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

तर आत काय चालतं ते बघू. काचेच्या खाली तांब्याच्या तारेची एक चपटी गुंडाळी असते, तिला कॉइल म्हणतात. घरातली वीज सेकंदाला 50 किंवा 60 आवर्तनं करते, आतलं सर्किट तीच वीज सेकंदाला 20,000 पेक्षा जास्त आवर्तनं होतील इतकी वेगवान करून कॉइलमध्ये सोडतं. त्यामुळे कॉइलच्या वर सतत उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि त्यात लोखंडाचं बूड आलं की त्या बुडातच वीज फिरायला लागते, आणि फिरता फिरता ते बूड तापवते. म्हणजे उष्णता खालून वर येतच नाही, ती भांड्याच्या बुडातच जन्माला येते. काच गरम लागते ती वरच्या गरम भांड्यामुळे.

आता कोणी विचारेल की वीज तर ॲल्युमिनियममधून पण जाते, मग ते का तापत नाही? तर चुंबकाला ओढणाऱ्या स्टीलमध्ये ही वीज बुडाच्या अगदी पातळ थरात कोंबली जाते, एक मिलिमीटरपेक्षाही बऱ्याच कमी जाडीच्या. आणि स्टील वीज जायला तसं नाठाळच, त्यामुळे जागा कमी आणि अडथळा जास्त असं होऊन सगळी ताकद उष्णतेत जाते. ॲल्युमिनियम आणि तांब्यात वीज जरा खोलवर पसरते आणि तिथे तिला अडवणारं फारसं कोणी नसतं, म्हणून ती आरामात फिरते आणि भांडं म्हणावं तसं तापत नाही. नेहमीचं मशीन तर हे ओळखून सरळ बीप करतं आणि बंद होतं. काच, माती, चिनी माती यांच्यात वीजच फिरत नाही, त्यामुळे तो विषयच नाही.

यावरून भांड्याची टेस्ट सगळ्यांना माहीत असते, चुंबक लावून बघा. पण ती अर्धवट केली जाते, म्हणजे चुंबक कुठे लावला आणि किती घट्ट बसला हे कोणी बघत नाही. चुंबक बुडाला लावायचा, बाहेरून, आणि बरोबर मधोमध. कारण स्टीलची भांडी दोन जातीची असतात. एकात निकेल असतं, बॉक्सवर बऱ्याचदा 18/8 किंवा 304 लिहिलेलं असतं, ते छान चमकतं, गंजत नाही, पण चुंबकाला धरत नाही. दुसऱ्यात निकेल जवळजवळ नसतं, त्याला 430 किंवा 18/0 म्हणतात, ते चुंबकाला कडक चिकटतं आणि इंडक्शनला तेच लागतं. गंमत अशी की 304 चा पत्रा दाबून वाकवला की वाकलेल्या जागी तो थोडासा चुंबकाला ओढायला लागतो. म्हणून काही पातेल्यांना काठावर किंवा कोपऱ्यावर चुंबक जरा चिकटल्यासारखा वाटतो, माणूस खूश होऊन घेऊन येतो, आणि शेगडीवर ठेवलं की बीप बीप. चुंबक फ्रिजच्या दाराला जसा टाप्पकन बसतो तसा बसला पाहिजे, नुसता रेंगाळत असेल तर ते भांडं एक तर चालणार नाही किंवा चालूनही रडतखडत तापेल.

दुसरी गोष्ट बुडाचा आकार. ॲल्युमिनियमच्या नॉनस्टिक पॅनला खाली स्टीलची चकती बसवलेली असते, तेव्हा पॅन 26 सेंटीमीटरचा असला तरी चकती 16 चीच असू शकते, आणि मशीनला फक्त चकतीच दिसते. पॅन उलटा करून चकती मोजा, वरचा घेर मोजून काही कळत नाही. काही पॅनला अख्खी चकती पण नसते, भोकांची जाळी बुडात दाबून बसवलेली असते. त्याही चालतात पण ताकद कमी घेतात. बरीच मशीन 12 सेंटीमीटरपेक्षा लहान बुडाचं भांडं ओळखतच नाहीत, म्हणून छोटं कॉफीचं पातेलं ठेवलं की मशीन म्हणतं वर काहीच नाहीये.

आणि बूड सपाट पाहिजे. कॉइलपासून बूड जितकं लांब तितकी ताकद पटकन कमी होते, त्यामुळे गोल बुडाची कढई फक्त मधल्या टिकलीएवढ्या भागात तापते. पातळ पॅन पहिल्यांदा सपाटच असतो पण रिकामा फुल पॉवरवर दोनचार वेळा तापवला की मधे फुगतो. मग तो काचेवर गोल फिरायला लागतो आणि तेल कडेला पळतं. बघायचं असेल तर बुडाला पट्टी आडवी लावा आणि उजेडासमोर धरा, फट दिसली तर समजा वाकलाय. थंड असताना बूड किंचित आत असेल तर चालतं, तापल्यावर ते सरळ होतं. बाहेर फुगलेलं मात्र सुधारत नाही.

बाजारात एक लोखंडी चकती पण मिळते, ती मशीनवर ठेवायची आणि तिच्यावर आपलं ॲल्युमिनियमचं भांडं. माझं मत विचाराल तर नका घेऊ. चकती तापते, मग तिची उष्णता भांड्यात जाते, म्हणजे इंडक्शनचा जो एक फायदा होता तोच गेला. शिवाय चकतीवर पाण्याचं भांडं नीट टेकलेलं नसेल तर चकती स्वतःच भयंकर तापते, खालची काच तापते आणि मशीन गरम झालो म्हणून बंद पडतं. एखादं चांगलं जाड बुडाचं पातेलं घेतलेलं त्यापेक्षा बरं.

भांडं नीट आहे का याची अजून एक साधी परीक्षा आहे. एक लिटर साधं पाणी, झाकण, आणि 2000 वॅट. सगळं ठीक असेल तर साधारण तीन ते साडेतीन मिनिटात उकळतं. हा आकडा हिशोबानेच येतो, कारण तेवढं पाणी 25 अंशावरून 100 पर्यंत न्यायला जेवढी ऊर्जा लागते ती 2000 वॅटने अडीच मिनिटात मिळते आणि थोडी वाया जाते. तुमच्याकडे सहा मिनिटं लागत असतील तर स्क्रीनवर 2000 दिसत असलं तरी भांडं तेवढी ताकद घेतच नाहीये. त्याच मशीनवर दुसरं भांडं लावून बघा, लगेच कळेल दोष कोणाचा.

आता वॅटकडे येऊ, कारण खरी गडबड इथेच होते. गॅसची बरीचशी उष्णता भांड्याच्या बाजूने वर निघून जाते, आणि मध्यम बर्नर फुल केला तरी भांड्यात पोचते ती जेमतेम हजार वॅटच्या आसपास. इंडक्शनची बहुतेक उष्णता भांड्यातच जाते. म्हणजे गॅसवर आपण जिला फुल फ्लेम म्हणतो ती इथे 1000 ते 1200 झाली, आणि 2000 म्हणजे जवळजवळ दोन गॅस एकाखाली लावल्यासारखं. तरी लोक मशीन चालू करतात, ते आपोआप 1600 किंवा 2000 वर सुरू होतं, आणि तिथेच तेल ओततात.

एक उदाहरण घेऊन बघा. पातळ स्टीलचा पॅन, साधारण 700 ग्रॅमचा, त्यात दोन मोठे चमचे तेल. 2000 वर ठेवला तर त्याचं तापमान सेकंदाला चार अंशांच्या आसपास चढतं, म्हणजे पाऊण मिनिटात 200 पार, आणि तेही सरासरी. कॉइल गोल कड्यासारखी असल्यामुळे बुडाचा तेवढाच गोल पट्टा जास्त तापतो, तिथलं तेल त्याच्याही आधी धुरावतं. हाच पॅन 800 वर ठेवला तर 180 अंशांपर्यंत यायला दीड मिनिट लागतं, आणि दीड मिनिटात उष्णतेला बुडात पसरायला वेळ मिळतो, मधला आणि कडेचा फरक कमी होतो. म्हणजे कांदा करपतो तो मशीन जास्त तापतं म्हणून नाही, पातळ पत्र्याला इतक्या झटपट येणारी उष्णता पसरवताच येत नाही म्हणून. पाणी असेल तर ते फिरून फिरून उष्णता वाटून घेतं, त्यामुळे पाण्याला 2000 चालतं. परतायचं असेल तेव्हा नाही.

आता एक साधं टोमॅटो सूप धरू, चार जणांचं, त्यात सगळ्या स्टेप येतात. 20 सेंटीमीटर बुडाचं जाड पातेलं घ्या, बुडात ॲल्युमिनियमचा थर असलेलं असेल तर उत्तम. आधी कांदा, लसूण, टोमॅटो सगळं चिरून हाताशी ठेवा, कारण इथे तेल तापेपर्यंत चिरून घेऊ असं जमत नाही. पातेलं ठेवा, दोन चमचे तेल टाका, 800 वर चालू करा. दीडेक मिनिटाने कांद्याचा एक तुकडा टाका, हळू चुरचुर झाली की बाकीचा टाका. थंड ओला कांदा पडल्यावर तापमान खाली येतं, तेव्हा एक मिनिटभर 1000 वर न्या आणि परत 800. हे वर खाली करणं इंडक्शनवर मस्त जमतं कारण बटण दाबल्या दाबल्या फरक पडतो. कांदा मऊ व्हायला सहासात मिनिटं लागतील, त्याला शॉर्टकट नाही, कारण कांद्यातलं पाणी जायला वेळ लागतोच आणि वॅट वाढवले तर फक्त बाहेरून काळा होतो. लसूण टाकताना 500 किंवा 600 वर या, अर्धा मिनिट पुरे. मग टोमॅटो, त्यांचं पाणी सुटलं की करपायची भीती कमी होते, तेव्हा 1000. मग एक लिटर पाणी ओता आणि आत्ता खुशाल 2000 करा, झाकण ठेवा. तीनचार मिनिटात कडेने बुडबुडे दिसले की तिथेच उभं राहा, कारण गॅससारखं हळूहळू उकळी येत नाही, एकदम उसळतं. उसळायच्या आत 400 वर आणा. इथे एक फायदा, गॅसची जाळी तापलेली असते म्हणून बंद केल्यावर पण उकळत राहतं, इंडक्शनवर पॉवर कमी केली की काही सेकंदात उकळी बसते. दूध उतू जायला लागलं तर भांडं उचलायची पण गरज नाही, बंद केलं की बास, फक्त भांडं खूपच जाड असेल तर त्याच्यातली उष्णता थोडा वेळ काम करत राहते.

पण आता 400 वर ठेवलेलं सूप बघितलंत तर काही मशीनवर विचित्र प्रकार दिसेल. दोनचार सेकंद जोरात खदखदेल, मग एकदम शांत, परत जोरात. मशीन खराब नाहीये. बऱ्याच छोट्या मशीनना सलग 400 वॅट देताच येत नाही, ती 800 किंवा 1000 वॅट काही सेकंद देतात, काही सेकंद बंद राहतात, आणि सरासरी 400 काढतात. पातळ भांड्यात बंद काळात सगळं थंड आणि चालू काळात बूड जळतं. म्हणून खीर, सॉस, घट्ट डाळ असं काही मंद आचेवर ठेवलं की खाली लागतं, आणि माणूस म्हणतो मी तर सगळ्यात कमी लेव्हलवर ठेवलं होतं. याला उपाय म्हणजे जाड बूड, ते चालू काळातली उष्णता साठवून बंद काळात देतं. भांडं पातळच असेल तर घट्ट पदार्थ दर दोन मिनिटांनी तळापासून हलवायचा. घेण्याआधी बघता आलं तर थोडंसं पाणी घालून सगळ्यात कमी लेव्हल लावा आणि चालू बंदचे सेकंद मोजा. जितक्या पटकन चालू बंद होतं तितकं चांगलं, आणि सलग बारीक बुडबुडे येत असतील तर फारच चांगलं मशीन आहे.

टेम्परेचर मोडवर पण लोकांचा जास्तच विश्वास असतो. स्क्रीनवर 180 दिसलं म्हणजे तेल 180 झालं असं नाही. सेन्सर काचेच्या खाली असतो, भांड्याची उष्णता काचेतून खाली यायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत तेल बरंच पुढे गेलेलं असतं. बूड जरा वाकलेलं असेल तर सेन्सरला आणखीनच उशिरा कळतं. तळायचं असेल तर वॅट मोड घ्या, 1000 ते 1200, आणि तेलात थर्मामीटर ठेवा, नाही तर छोटा तुकडा टाकून बघा. टेम्परेचर मोड उपयोगी आहे तो पदार्थ गरम ठेवायला. तसंच तयार बटणं असतात, दूध, भात वगैरे, ती कोणत्या तरी ठराविक भांड्यावर आणि ठराविक मापावर बसवलेली असतात, तुमचं भांडं वेगळं असेल तर बटणाला काय माहीत.

नॉनस्टिकबद्दल जरा कडक बोलतो. नेहमीचं नॉनस्टिक कोटिंग साधारण 260 अंशांच्या वर बिघडायला लागतं, आणि त्याचा धूर चांगला नाही. गॅसवर रिकामा पॅन तिथवर जायला काही मिनिटं लागतात. इंडक्शनवर फुल पॉवरला एक मिनिट म्हणजे डोक्यावरून पाणी. म्हणून नॉनस्टिक कधीच रिकामं ठेवायचं नाही, थोडं तेल घालूनच चालू करायचं आणि 800 च्या वर जायचंच नाही. अंडं 500 ते 600 वर छान होतं. बिडाचा जाड तवा इंडक्शनवर सुंदर चालतो पण त्याच्यात उष्णता बाजूला फार हळू सरकते, त्यामुळे एकदम 2000 दिलं तर मधे लाल आणि कडेला गार, आणि कधी कधी तडा पण जातो. 400 ते 500 वर सातआठ मिनिटं देऊन मग वाढवा. आणि तो काचेवर सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा, खालच्या मिठाच्या कणाने पण काचेवर चरा पडतो.

प्रेशर कुकरला बूड चुंबकाला धरणारं पाहिजे, ते झालं की सोपं आहे, फक्त प्रेशर येईपर्यंत 1200 आणि पहिली शिट्टी व्हायच्या बेतात आली की 500 ते 600. जे लोक 2000 वरच ठेवतात त्यांच्या शिट्ट्या धडाधड होतात आणि ते शिट्ट्या मोजून बंद करतात, तेव्हा आतला भात कच्चाच निघतो. शिजायला प्रेशरखालची मिनिटं लागतात. शिट्ट्या लवकर आल्या म्हणजे मिनिटं झाली असं नाही, म्हणून इथे शिट्ट्या सोडून घड्याळ बघा.

आवाजाबद्दल पण विचारतात. थरांच्या भांड्यातून फुल पॉवरला गुणगुण किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, थर थरथरतात म्हणून. पॉवर कमी केली की जातो. दुसरा आवाज पंख्याचा. आतला इलेक्ट्रॉनिक भाग गार ठेवायला खालून किंवा मागून हवा ओढली जाते, त्यामुळे मशीनखाली टॉवेल, प्लॅस्टिकचा कागद असलं काही घालू नका आणि मागची बाजू भिंतीला चिकटवू नका. वाफ आत गेली किंवा हवा अडली की मशीन मधेच पॉवर कमी करतं किंवा एरर दाखवतं, आणि लोकांना वाटतं भांड्यात प्रॉब्लेम आहे. स्वयंपाक झाल्यावर बटण बंद करा पण भिंतीवरचा स्विच लगेच नका काढू, पंखा अजून फिरत असतो, तो स्वतःहून थांबला की मग काढा. प्लग मोठ्या लोडच्या सॉकेटलाच लावा, बारीक एक्स्टेंशन वायर गरम होते, हात लावून बघितलंत तर कळेल.

काच पुसायची ती गार झाल्यावर. अपवाद फक्त साखरेचा. पाक किंवा जॅम सांडला आणि काचेवर थंड झाला तर तो काढताना काचेचा टवका निघू शकतो, म्हणून मशीन बंद करून, हातात जाड हातमोजा घालून, पाक मऊ असतानाच पातळ सपाट पात्याने खरवडून काढावा लागतो. बाकी काही उतू गेलं तर ते तसं करपत नाही, कारण भांड्याच्या बाहेरची काच फारशी तापलेलीच नसते, ओल्या फडक्याने निघतं.